कोडमागचा निर्णय कागदावर आणा: इंजिनिअरकडून प्रॉडक्ट मॅनेजरकडे नेणारा रेझ्युमे

सोलापूरचे बरेच इंजिनिअर चार-सहा वर्षं कोड लिहिल्यावर प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे वळायचं म्हणतात आणि मला रेझ्युमे पाठवतात. बहुतेक रेझ्युमेंची अडचण एकच असते. वर नाव, त्याखाली ‘प्रॉडक्ट मॅनेजर होऊ इच्छितो’ अशी ओळ आणि तिच्याखाली जुनाच रेझ्युमे जसाच्या तसा: कोणती भाषा, कोणता डेटाबेस, किती मायक्रोसर्व्हिस, रिस्पॉन्स टाइम कितीवरून कितीवर. वाचणाऱ्याला यातून कळतं की हा माणूस सांगितलेलं काम चोख करतो. काय करायचं आणि काय सोडायचं हे त्याला ठरवता येतं का, ते मात्र कळत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी तर त्याच गोष्टीसाठी असते.

हे निर्णय तुम्ही घेतलेले असतात, फक्त ते कोडच्या आत दडलेले असतात. कॅश लावला, तेव्हा ग्राहकाला किती जुनी माहिती चालेल हे कोणीतरी ठरवलं होतं. पेमेंट अडकल्यावर पुन्हा प्रयत्न करायची सोय केली, तेव्हा एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका कोणीतरी तोलला होता. जुनी एपीआय बंद केली, तेव्हा कोणते ग्राहक मागे राहिले तरी चालतील हे ठरलं होतं. रेझ्युमे बदलायचा म्हणजे ते निर्णय बाहेर काढायचे. या लेखात मी मुख्यतः एकच उदाहरण शेवटापर्यंत नेणार आहे, कारण दहा ओळी वरवर बदलण्यापेक्षा एक ओळ नीट बदलायला शिकलात तर बाकीच्या तुम्हाला स्वतःला जमतील.

आधी दार ठरवा

प्रॉडक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट ओनर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रोग्रॅम मॅनेजर या चार जाहिरातींना एकच रेझ्युमे पाठवू नका. प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅमच्या जागांमध्ये ठरलेलं काम वेळेत पार पाडण्यावर भर असतो. प्रॉडक्टच्या जागेत कोणतं काम हाती घ्यायचं हेच मुळात ठरवायचं असतं. प्रॉडक्ट ओनरचं काम कंपनीनुसार बदलतं. कुठे तो खरे निर्णय घेतो, कुठे फक्त तिकिटं लिहून देतो. म्हणून जाहिरातीतल्या पदनामापेक्षा त्याखालच्या जबाबदाऱ्या वाचा.

इंजिनिअरला सगळ्यात सोपी दारं तीन. पहिलं, आपल्याच कंपनीत आतल्या आत बदली. तिथे तुमच्या निर्णयांचे साक्षीदार असतात. दुसरं, ज्या धंद्यासाठी तुम्ही सॉफ्टवेअर लिहिलंत त्याच धंद्यातली दुसरी कंपनी. तिसरं, टेक्निकल किंवा प्लॅटफॉर्म प्रॉडक्टची जागा, जिथे वापरणारे स्वतः इंजिनिअरच असतात. ज्या क्षेत्रात कधी कामच केलं नाही तिथल्या मोठ्या ग्राहक-ॲपसाठी थेट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून अर्ज करणं हे सगळ्यात अवघड दार. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात तिथून केली नसती.

कामाची यादी नको, निर्णयांची वही करा

रेझ्युमेची फाइल एवढ्यात उघडू नका. एक साधी वही घ्या आणि गेल्या तीन-चार वर्षांतल्या अशा जागा आठवा, जिथे एकाहून जास्त रस्ते होते आणि त्यातला एक निवडला गेला. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. जुन्या पुल रिक्वेस्टखालच्या चर्चा वाचा, कारण ‘असं का, तसं का नाही’ हा वाद तिथेच झालेला असतो. डिझाइनच्या कागदात ‘विचारात घेतलेले इतर पर्याय’ असा भाग असेल तर तो सोन्यासारखा. सिस्टिम कोसळल्यानंतर लिहिलेल्या अहवालात ग्राहकाचं नेमकं काय नुकसान झालं ते सापडतं. आणि ‘करणार नाही’ म्हणून बंद केलेली तिकिटं अजिबात विसरू नका. नाही म्हणणं हा प्रॉडक्टच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि इंजिनिअरच्या रेझ्युमेत तो जवळजवळ कधीच दिसत नाही.

प्रत्येक जागेसाठी वहीत पाच गोष्टी उतरवा. अडचण कोणाची होती, आणि ती कशी समजली? त्या अडचणीने कोणाचे पैसे, वेळ किंवा माल वाया जात होता? कोणते पर्याय होते? निवड कोणी केली आणि त्यात तुमचा वाटा नेमका किती? त्या निवडीमुळे काय मिळालं आणि काय गमावलं? शेवटच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण रिकामा ठेवतात. तो भरता येईना, तर समजा की तुम्ही निर्णय अजून पूर्ण खणलेला नाही. ज्यात काहीच गमवावं लागत नाही, तिथे निवड करायचा प्रश्नच आलेला नसतो.

या पाच प्रश्नांतून तीन-चार जागा जरी तावून सुलाखून निघाल्या तरी रेझ्युमेला पुष्कळ झाल्या.

एक ओळ, मुळापासून

आता उदाहरण. दोन-तीन जणांच्या रेझ्युमेंवरून ते मी बांधलं आहे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरींचे कारखानदार आपल्या डीलरांकडून ऑर्डरी घेण्यासाठी एक ॲप वापरतात, असं धरू. ते ॲप बनवणाऱ्या सोलापुरातल्या छोट्या कंपनीत आपली इंजिनिअर पाच वर्षं बॅकएंडचं काम करते. तिच्या रेझ्युमेतली सर्वांत वरची ओळ अशी होती:

*कॅटलॉग सर्व्हिसमध्ये रेडिस कॅशिंग आणून एपीआयचा रिस्पॉन्स टाइम ४ सेकंदांवरून ६०० मिलिसेकंदांवर आणला.*

इंजिनिअरच्या जागेसाठी ही ओळ चांगली आहे. प्रॉडक्टच्या जागेसाठी ती मधेच सुरू होते आणि मधेच संपते. म्हणून तिला वहीतले पाच प्रश्न विचारायचे.

अडचण कोणाची? डीलरची. कॅटलॉगमध्ये प्रत्येक डिझाइनसमोर शिल्लक साठा दिसायचा आणि तो दर वेळी कारखान्याच्या स्टॉकच्या सिस्टिममधून ताजा आणला जायचा. विजयपूर किंवा कलबुर्गीच्या बाजारात दुकानात बसलेल्या डीलरसमोर चक्र फिरत राहायचं. मग तो ॲप बंद करून सरळ कारखान्यात फोन लावायचा.

हे कसं समजलं? इथे तिने केलेली एक गोष्ट रेझ्युमेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ती एक दिवस कारखान्याच्या ऑफिसात ऑर्डरी घेणाऱ्या क्लार्कशेजारी बसली. फोन कानाला लावून तो डिझाइन नंबर, रंग आणि नग वहीत लिहून घ्यायचा आणि संध्याकाळी तेच सगळं सिस्टिममध्ये भरायचा. मरून लिहिलेलं चॉकलेटी भरलं गेलं की चुकीचा माल जायचा आणि परत यायचा. तिने त्याला विचारलं, “ॲप असताना फोन का करतात?” तो म्हणाला, “मॅडम, ॲप उघडेपर्यंत माझ्याकडे ऑर्डर लिहून होते.”

पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरला ग्राहकाच्या शेजारी असं बसायला तीन खात्यांची परवानगी लागते. सोलापुरात ग्राहकाचा कारखाना गाडीवर वीस मिनिटांत गाठता येतो. इथल्या छोट्या कंपनीत काम केलेल्यांना हा अनुभव इतका रोजचा वाटतो की तो रेझ्युमेत लिहायचा असतो, हे सुचतच नाही. तो लिहा.

पर्याय कोणते होते? मालकांचं म्हणणं होतं की ॲप नव्याने लिहा. एका सहकाऱ्याने इंटरनेट नसतानाही चालेल अशी सोय सुचवली. त्याला तीन महिने लागले असते. तिसरा पर्याय तिचा: कॅटलॉग चाळताना दिसणारा साठा दहा मिनिटं जुना असला तरी चालेल, फक्त ऑर्डर पक्की करताना तो ताजा तपासायचा. याला तीन आठवडे पुरणार होते.

इथे नीट लक्ष द्या. ‘दहा मिनिटं जुना चालेल’ हे वाक्य टेक्निकल नाही. डीलरला कोणती चूक परवडते आणि कोणती परवडत नाही, याचा तो निर्णय आहे. कॅटलॉग चाळताना आकडा थोडा चुकला तर डीलरचं काही बिघडत नाही, पण पक्की झालेली ऑर्डर नंतर रद्द झाली तर त्याचं पुढचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून जुनेपणा पहिल्या जागी चालवून घ्यायचा, दुसऱ्या जागी नाही. रेडिस हे त्या निर्णयाचं फक्त साधन आहे, आणि नेमकं तेवढंच तिच्या रेझ्युमेत शिल्लक राहिलं होतं.

निवड कोणी केली? पर्याय तिने मांडला, विक्रीप्रमुखांना क्लार्कची वही दाखवून पटवलं आणि शेवटचा होकार मालकांनी दिला. हे असंच लिहायचं.

गमावलं काय? दर १०० ऑर्डरींपैकी सुमारे ३ ऑर्डरींत शेवटच्या पायरीवर ‘माल शिल्लक नाही’ असा निरोप यायला लागला. पूर्वी हे आधीच कळायचं.

आकडा कसा शोधायचा, आणि कुठे थांबायचं

राहिला फायद्याचा आकडा. रिस्पॉन्स टाइम कमी झाला हा फायदा मशीनचा झाला. माणसाच्या वागण्यात काय बदललं, ते हवं. इथे प्रश्न असा की डीलर फोनवरून ॲपवर आले का? ऑर्डरच्या टेबलमध्ये ती कुठून आली याची नोंद असेल तर उत्तर तिथेच आहे.

दोन सापळे मात्र आहेत. पहिला हंगामाचा. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी ऑर्डरी वाढतातच, त्यामुळे ‘ॲपवरच्या ऑर्डरी दुप्पट झाल्या’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. एकूण संख्येऐवजी ॲपचा वाटा मोजा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. दुसरा सापळा एकाच वेळी झालेल्या दोन बदलांचा. आपल्या उदाहरणात त्याच सुमारास कंपनीने महाराष्ट्रातल्या डीलरांना ॲपवरच्या ऑर्डरीवर सूट सुरू केली होती. सगळे डीलर धरले तर ॲपचा वाटा ३८ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर गेलेला दिसतो, पण त्यात वेगाचं श्रेय किती आणि सवलतीचं किती, हे सांगता येत नाही. म्हणून तिने ज्यांना सूट नव्हती, म्हणजे राज्याबाहेरचे डीलर, तेवढेच वेगळे काढले:

```sql
SELECT DATE_FORMAT(o.created_at, '%Y-%m') AS ym,
       ROUND(100 * AVG(o.source = 'app')) AS app_pct
FROM orders o
JOIN dealers d ON d.id = o.dealer_id
WHERE d.state <> 'MH'
GROUP BY ym
ORDER BY ym;
```

त्यांच्यात वाटा ४१ वरून ५७ टक्क्यांवर गेला होता. आकडा लहान झाला, पण आता तो उभा राहतो. मुलाखतीत कोणी विचारलं की हे सूट दिल्यामुळे झालं नसेल कशावरून, तर तिच्याकडे उत्तर आहे. प्रॉडक्टच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. ६१ लिहून गप्प बसण्यापेक्षा ५७ लिहून तो कसा काढला हे सांगणारा माणूस मी केव्हाही निवडेन.

आकडे काढताना कंपनीचा डेटा बाहेर नेऊ नका. क्वेरी चालवायची परवानगी असेल तरच चालवा, निष्कर्ष टक्क्यांत ठेवा, उलाढालीचे रुपये आणि ग्राहकांची नावं लिहू नका. ‘राज्याबाहेरचे टॉवेल डीलर’ एवढं पुरतं. आणि आकडा मिळतच नसेल, नोकरी सोडली असेल किंवा तशी नोंदच ठेवली नसेल, तर अंदाज टक्क्यांत घालून सजवू नका. जे दिसलं ते लिहा: ‘संध्याकाळी ऑर्डरी पुन्हा भरायचं क्लार्कचं काम बरंच कमी झालं.’ पोकळ ४० टक्क्यांपेक्षा हे वाक्य भारी आहे.

ओळ लिहिणं आणि छाटणं

वहीतलं सगळं आधी मोकळेपणाने लिहून काढा. पहिला मसुदा साधारण असा होईल:

*कॅटलॉग उघडायला ४ सेकंद लागत असल्याने डीलर ॲप सोडून फोनवर ऑर्डरी देत आहेत, हे कारखान्यात बसून शोधलं. ॲप नव्याने लिहिणं किंवा ऑफलाइन सोय यांऐवजी साठ्याची माहिती १० मिनिटं जुनी दाखवून ऑर्डरीच्या वेळी ताजी तपासण्याचा पर्याय मांडला, विक्रीप्रमुखांची संमती मिळवली आणि ३ आठवड्यांत रेडिस वापरून तो उभा केला. सूट लागू नसलेल्या डीलरांमध्ये ॲपवरच्या ऑर्डरींचा वाटा ४१ वरून ५७ टक्क्यांवर गेला. सुमारे ३ टक्के ऑर्डरी शेवटच्या पायरीवर अडण्याची किंमत मोजली.*

एवढं कोणी वाचणार नाही. रेझ्युमेवरून पहिली नजर काही सेकंदांत फिरते आणि एका मुद्द्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. छाटताना अडचण, निवड आणि परिणाम हे तीन ठेवायचे. साधनाचं नाव आणि बारकावे मुलाखतीसाठी राखायचे:

*डीलर फोनकडे का वळतात हे कारखान्यात बसून शोधलं. ३ महिन्यांच्या ऑफलाइन योजनेऐवजी थोडा जुना साठा दाखवण्याचा ३ आठवड्यांचा पर्याय पटवून उभा केला. ॲपवरच्या ऑर्डरी ४१ वरून ५७ टक्के (सूट नसलेले डीलर).*

पहिल्या ओळीत मशीन जलद झालं होतं. या ओळीत एका माणसाने ग्राहकाला पाहिलं, स्वस्त रस्ता निवडला, वरिष्ठांना पटवलं आणि परिणाम मोजला. काम तेच आहे, त्यात कणभरही भर घातलेली नाही.

प्रत्यक्ष रेझ्युमे इंग्रजीतच जाईल. तरी पहिला मसुदा मराठीत लिहून पाहा, आणि तोही एखाद्या डीलरला किंवा दुकानदाराला सांगतोय असं समजून. ‘स्केलेबल’, ‘रोबस्ट’, ‘एंड-टू-एंड’ असे शब्द त्यात आपोआप येत नाहीत, आणि ते इंग्रजीतही नसलेलेच बरे.

क्रियापदाच्या बाबतीत फार जपा. ‘ठरवलं’, ‘सुचवलं’, ‘पटवलं’, ‘आकडे पुरवले’, ‘बांधलं’ या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय तुमच्या लीडचा असेल आणि तुम्ही त्याला आकडे काढून दिले असतील, तर ‘कोणत्या ग्राहकांवर परिणाम होईल याचे आकडे काढून निर्णयाला आधार दिला’ असं लिहा. ते कमी वाटतं, पण प्रॉडक्टच्या नवख्या जागेला तेवढंही चालतं. ‘ठरवलं’ लिहिलंत आणि मुलाखतीत ‘विरोध कोणी केला, काय म्हणून?’ असा प्रश्न आला, तर ज्याने खरंच ठरवलं नसेल तो तिथेच अडकतो.

याच कारणासाठी पदनाम बदलू नका. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असाल तर तेच लिहा, ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ करू नका. नोकरी देताना बऱ्याच कंपन्या जुन्या कंपनीकडून पदनाम आणि तारखा तपासून घेतात, आणि तिथे फरक सापडला तर हातातली ऑफर जाऊ शकते. पदनामाच्या खाली एका ओळीत ‘डीलर ॲपचे प्राधान्यक्रम विक्री विभागासोबत ठरवण्यात सहभाग’ असं लिहायला हरकत नाही, ते खरं असेल तर.

डेटाबेसमधला एक कॉलम

दुसरं उदाहरण थोडक्यात, कारण त्यातून वेगळी गोष्ट दिसते. त्याच इंजिनिअरच्या रेझ्युमेत ‘ऑर्डर टेबलचं स्कीमा मायग्रेशन शून्य डाउनटाइममध्ये केलं’ अशी ओळ होती. ती काढून टाकायला निघाली होती, म्हणाली यात प्रॉडक्टचं काय आहे.

मायग्रेशन का लागलं, ते विचारल्यावर कळलं की ऑर्डरीच्या संख्येला एककच नव्हतं. डीलर २० लिहायचा, ते कधी नग असायचे, कधी डझन. पॅकिंगच्या खोलीत ऑर्डरीच्या कागदावर बॉलपेनने ‘न’ किंवा ‘ड’ लिहिलेलं असायचं. पॅकिंगवाले अण्णा प्रत्येक शंकेच्या ऑर्डरीला फोन करून विचारायचे आणि मग ते अक्षर टाकायचे. इंजिनिअरने ती अक्षरं पाहिली आणि एककाचा कॉलम जोडला.

कॉलम जोडणं सोपं होतं. निर्णय पुढे होता: जुन्या ऑर्डरींना कोणतं एकक द्यायचं आणि नव्या ऑर्डरीत डीलरला ते निवडायला लावायचं की आधीच भरून ठेवायचं? निवडायला लावलं तर प्रत्येक ऑर्डरीत एक टिचकी वाढते. आधीच भरलं तर चूक नकळत पुढे जाते. तिने टॉवेलसाठी डझन आणि चादरीसाठी नग आधीच भरून ठेवले आणि त्या डीलरच्या नेहमीच्या ऑर्डरीपेक्षा संख्या फार वेगळी आली तरच विचारायचं ठरवलं. आता ओळ अशी झाली:

*डझन-नग गोंधळामुळे पॅकिंग विभागाला करावे लागणारे खात्रीचे फोन पाहून ऑर्डरीची रचना बदलली. प्रत्येक वेळी विचारण्याऐवजी फक्त संशयास्पद संख्येला विचारण्याचं ठरवलं. एककाच्या चुकीने परत येणारा माल जवळजवळ थांबला.*

इथे टक्के नाहीत, कारण परतीच्या मालाची कारणवार नोंद पूर्वी ठेवलेलीच नव्हती. ‘जवळजवळ थांबला’ हे पॅकिंगवाल्यांचं म्हणणं आहे, आणि मुलाखतीत तसंच सांगायचं. बेंगळुरूत बसलेल्या वाचकाला सोलापूरचा टॉवेल डझनावर जातो हे माहीत नसतं, म्हणून ‘डझन-नग गोंधळ’ हे शब्द ओळीत आधी यायला हवेत. आपल्या धंद्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून लिहिलेल्या ओळी बाहेरच्याला कोड्यासारख्या वाटतात.

बाकीचं पान

एक पान पुरे. वर नाव, फोन, ईमेल आणि गाव. सोलापूर लिहायला संकोच करू नका, पण पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला जायची तयारी असेल तर त्याच ओळीत लिहा, नाहीतर रेझ्युमे चाळणारा अंतर पाहूनच पुढे जाऊ शकतो. मग दोन ओळींचा सारांश. त्यात स्वप्नं नकोत, पुरावा हवा: ‘टॉवेल उद्योगातील डीलरांसाठीच्या ऑर्डर ॲपवर ५ वर्षं बॅकएंड इंजिनिअर, कारखान्यात बसून अडचणी शोधणं आणि कमी खर्चाचा उपाय निवडणं हे मुख्य काम.’

अनुभवात आधी निर्णयाच्या तीन-चार ओळी, मग निखळ इंजिनिअरिंगच्या एक-दोन. त्या काढून टाकू नका. टेक्निकल प्रॉडक्टच्या जागेला तुमचं हेच वेगळेपण आहे. भाषा आणि साधनांची यादी सर्वांत खाली, एका ओळीत. प्रॉडक्टचे कोर्स केले असतील तर शिक्षणाखाली एक ओळ. एखाद्या प्रसिद्ध ॲपचं ‘मी असं सुधारलं असतं’ छापाचं सादरीकरण जोडायचा मोह होतो. खऱ्या कामातली एक ओळ असेल तर त्याची गरज नाही, कारण त्यात तुम्हाला कोणी विरोध केला नव्हता आणि काही गमवावंही लागलं नव्हतं.

दोन रकान्यांचे रंगीत साचे टाळा. अनेक कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकान्यांत त्याची गल्लत होऊ शकते. तपासायची सोपी पद्धत आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. कंपनीचं नाव एका जागी आणि तिच्या ओळी दुसऱ्या जागी गेल्या असतील, तर साचा बदला. काहीच चिकटलं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे नुसतं चित्र आहे.

वहीत काहीच सापडलं नाही तर

असं होतं, विशेषतः मोठ्या कंपनीच्या कामाच्या लांब साखळीत तिकीट येतं, तिकीट जातं, आणि ग्राहक कधी दिसतच नाही. घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. अशा वेळी शब्द फिरवून निर्णय निर्माण होत नाही. आधी तीन-चार महिने काम बदला. आठवड्यातून एकदा सपोर्टचे कॉल ऐकायची परवानगी मागा, ती सहसा मिळते. एकच तक्रार वारंवार येते का ते मोजा. पुढचं तिकीट हातात आलं की लिहिण्याआधी विचारा: हे नाही केलं तर कोणाचं काय अडेल? त्याचं उत्तर आणि एक स्वस्त पर्याय दोन परिच्छेदांत लिहून प्रॉडक्ट मॅनेजरला पाठवा. त्यातला एक जरी मान्य झाला तरी रेझ्युमेची पहिली ओळ तयार झाली, आणि आतल्या बदलीचा विषय काढायला कारणही मिळालं.

पाठवण्याआधीची तपासणी

रेझ्युमे दोघांना द्या: एक प्रॉडक्टमध्ये काम करणारी व्यक्ती आणि एक सॉफ्टवेअरशी काहीही संबंध नसलेली. ‘कसा वाटला’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. मिनिटभर वाचू द्या, कागद परत घ्या आणि विचारा: मी काय काय ठरवलं, आणि कोणासाठी? डीलर, क्लार्क, पॅकिंग यांपैकी काही आठवलं तर ओळ काम करतेय. रेडिस आणि मायक्रोसर्व्हिस एवढंच आठवलं, तर ती ओळ परत वहीकडे न्या.

मग प्रत्येक ओळीवर स्वतःला चार प्रश्न मोठ्याने विचारा. दुसरा पर्याय का नाही निवडला? हे तुमच्यामुळेच झालं हे कशावरून? कोणाचं नुकसान झालं? आज पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? ज्या ओळीवर दोन मिनिटं सलग बोलता येत नाही ती काढून टाका, मग ती कागदावर कितीही चांगली दिसत असो. तीन ओळी उरल्या तरी तीनच घेऊन अर्ज करा.